ग्लुकोज टॉलरन्स चाचणी: आधीचे तीन दिवस कसे घालवावेत

ग्लुकोज टॉलरन्स चाचणीला जाणाऱ्या बहुतेकांना एकच सूचना मिळते, ती म्हणजे सकाळी उपाशीपोटी यावे. ही सूचना बरोबर असली तरी अपुरी आहे. या चाचणीत मोजमाप केवळ त्या सकाळच्या रक्ताचे होत नाही. एकदम ७५ ग्रॅम ग्लुकोज पोटात गेल्यावर शरीर ते दोन तासांत कितपत हाताळू शकते, याची ती परीक्षा असते. ही क्षमता आदल्या तीन-चार दिवसांत आपण काय खाल्ले, किती हालचाल केली आणि कोणती औषधे घेतली यांवर बरीच अवलंबून असते. त्यामुळे तयारी आदल्या रात्रीपासून नव्हे, तर निदान तीन दिवस आधीपासून सुरू करावी लागते, आणि औषधांच्या बाबतीत त्याहूनही आधी.

आपल्याला नेमकी कोणती चाचणी सांगितली आहे?

सर्वप्रथम डॉक्टरांची चिठ्ठी नीट वाचावी. 'एफबीएस' आणि 'पीपीबीएस' असे लिहिले असेल, तर ती उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साधी तपासणी आहे. तिच्यात ग्लुकोजचे पाणी प्यायचे नसते. 'जीटीटी' किंवा 'ओजीटीटी' लिहिले असेल, तरच हा लेख आपल्या कामाचा आहे. या दोहोंची गल्लत प्रयोगशाळेच्या खिडकीवर नेहमी होते, आणि मग कोणी घरी जेवायला परत जातो, तर कोणी ग्लुकोजचे पाकीट न घेताच येतो.

गरोदर स्त्रियांची गोष्ट थोडी वेगळी आहे. सरकारी आरोग्य केंद्रांत राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांप्रमाणे जी तपासणी होते, तिच्यात शेवटचे जेवण कधी झाले हे न पाहता ७५ ग्रॅम ग्लुकोज दिले जाते आणि दोन तासांनी एकदाच रक्त तपासले जाते. पहिल्या भेटीत एकदा आणि पुढे २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान पुन्हा, अशी ती करतात. तिच्यासाठी उपाशी राहायची गरज नसते. याउलट अनेक खासगी प्रसूतितज्ज्ञ उपाशीपोटी, एक तासाने आणि दोन तासांनी अशी तीनदा रक्त घेणारी चाचणी सांगतात, आणि तिला पूर्ण तयारी लागते. गोव्यातल्या साखळी शहराच्या सरकारी केंद्रात मैत्रिणीला जे सांगितले, तेच म्हापशाच्या प्रसूतिगृहात आपल्याला लागू होईल असे गृहीत धरू नये, "उपाशी यायचे की नाही, आणि रक्त किती वेळा घेणार?" हे दोन प्रश्न विचारून घ्यावेत.

ज्यांना मधुमेह असल्याचे आधीच निश्चित झाले आहे, त्यांच्यासाठी ही चाचणी नाही. उपाशीपोटीची साखर आधीच जास्त असताना आणखी ग्लुकोज पाजण्यात काही अर्थ नसतो. तसेच वजन कमी करण्यासाठी किंवा अन्य कारणाने पोटाची शस्त्रक्रिया झालेल्यांनी ते आधीच सांगावे. अशा व्यक्तींच्या आतड्यात ग्लुकोजचे पाणी एकदम उतरते, त्यांना घाम, धडधड, मळमळ असा त्रास होऊ शकतो, आणि निष्कर्षही विश्वासार्ह राहत नाही.

भात सोडू नका

या संपूर्ण तयारीतील सर्वांत दुर्लक्षित आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा भाग हा आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचे प्रमाण गोव्यात सर्वाधिक, म्हणजे २६.४ टक्के आढळले. ही बातमी घरोघरी पोहोचल्यामुळे 'साखर बघायची आहे' असे डॉक्टरांनी म्हणताच माणूस पहिली गोष्ट करतो ती म्हणजे भात, पाव आणि पोई बंद. हेतू चांगला असतो, परंतु चाचणीपूर्वी हाच उपाय उलटतो.

त्याचे कारण असे. कर्बोदके, म्हणजे भात, पोळी, पाव, कंदमुळे, कडधान्ये आणि फळे यांतून मिळणारे पिष्ट आणि साखर, काही दिवस फार कमी मिळाली की शरीर इंधन बदलते. स्नायू ग्लुकोजऐवजी चरबी जाळू लागतात, रक्तात मेदाम्ले वाढतात आणि त्यांच्यामुळे इन्सुलिनचा परिणाम मंदावतो. मोठ्या प्रमाणात इन्सुलिन सोडायची वेळ काही दिवस आलेली नसल्यामुळे स्वादुपिंडाचा पहिला प्रतिसादही ढिला पडतो. अशा स्थितीत एकाएकी ७५ ग्रॅम ग्लुकोज आले की ते रक्तात रेंगाळते, आणि दोन तासांनंतरचा आकडा प्रत्यक्ष प्रकृतीपेक्षा जास्त दिसतो. म्हणजे रोज व्यवस्थित जेवणारा माणूस ज्या चाचणीत सुटला असता, तिच्यातच पथ्य करणारा माणूस अडकतो.

म्हणून नियम असा आहे की, चाचणीच्या आधी निदान तीन दिवस रोज किमान १५० ग्रॅम कर्बोदके पोटात जावीत आणि जेवण नेहमीसारखे असावे. येथे १५० ग्रॅम हे कर्बोदकांचे वजन आहे, भाताचे नव्हे. शिजवलेल्या भाताच्या एका मध्यम वाटीत साधारण ३५ ते ४० ग्रॅम कर्बोदके असतात, मध्यम पोळीत किंवा पावात सुमारे १५ ते २० ग्रॅम, पोईत तिच्या आकारानुसार २५ ते ३० ग्रॅम आणि मध्यम केळ्यात २० ते २५ ग्रॅम. हे आकडे ढोबळ आहेत, पण आपल्या कामाला पुरेसे आहेत. तराजू घेऊन बसायची गरज नाही.

गोव्यातल्या नेहमीच्या घरातले एक साधे ताट हिशेबाला घेऊ. सकाळी पातळ भाजीबरोबर दोन पाव घेतले तर पावांचे ३५ आणि भाजीतील वाटाणा-बटाट्याचे सुमारे १५ मिळून ५० ग्रॅम होतात. दुपारी दीड वाटी उकड्या तांदळाचा भात आणि त्याबरोबर हुमण किंवा आळसांद्यांची आमटी घेतली, तर ६० ते ७० ग्रॅमची भर पडते. मासळीत कर्बोदके जवळपास नसतात, त्यामुळे ताटात कितीही मासे असले तरी त्यांनी हा हिशेब पुढे सरकत नाही. संध्याकाळी एक केळे आणि रात्री भाजीबरोबर दोन पोळ्या खाल्ल्या की बेरीज सहज १६५ ते १८० पर्यंत पोहोचते. मुद्दाम गोडधोड खायची आवश्यकता मुळीच नाही. चाचणी 'पास' व्हावी म्हणून तीन दिवस मिठाई खाणे जितके चुकीचे, तितकेच भात सोडणेही चुकीचे आहे.

आता तेच ताट 'पथ्याचे' करून पाहा. सकाळी दोन अंडी आणि बिनसाखरेचा चहा, दुपारी तळलेला बांगडा, काकडी आणि थोडी पालेभाजी, संध्याकाळी मूठभर काजू, रात्री पनीर किंवा मासळी आणि सूप. दिवसाची बेरीज ४० ग्रॅमच्या आसपासच राहते. पोट भरलेले असल्यामुळे आपण कमी खाल्ले असे वाटत नाही, आणि म्हणूनच ही गोष्ट प्रयोगशाळेत सांगायचे कोणाला सुचत नाही.

उपवासांचाही विचार तारीख ठरवतानाच करावा. श्रावणी सोमवार, एकादशी, नवरात्र, ख्रिस्ती घरांतील चाळीस दिवसांचा उपवासकाळ किंवा रमजान यांपैकी काही त्या तीन दिवसांत येत असेल, तर चाचणी पुढे ढकलणे सोयीचे. साबुदाण्याची खिचडी खाऊन केलेल्या उपवासात कर्बोदके भरपूर मिळतात हे खरे. परंतु केवळ दूध आणि दोन फळे घेऊन केलेला उपवास मात्र चाचणीच्या दृष्टीने भात सोडण्यासारखाच आहे. चतुर्थीनंतर लगेचचे दिवसही मी टाळायला सांगेन, कारण तेव्हाचे खाणे दुसऱ्या टोकाला गेलेले असते आणि रोजच्यासारखे मुळीच नसते.

एक उदाहरण

समजा, फोंड्यातील एका बेचाळीस वर्षांच्या शिक्षिकेची वार्षिक तपासणीत उपाशीपोटीची साखर १०६ आली. डॉक्टरांनी दहा दिवसांनी जीटीटी करायला सांगितले. घाबरून त्यांनी त्याच दिवसापासून भात, पोळी आणि पाव बंद केले आणि वर सांगितलेल्या बांगड्याच्या ताटासारख्या जेवणावर दिवस काढले. चाचणीत उपाशीपोटीचा आकडा ९४ आला, म्हणजे आधीपेक्षा चांगला. मात्र दोन तासांनंतरचा १६२ आला. गरोदर नसलेल्या प्रौढ व्यक्तीत दोन तासांनंतरचा आकडा १४० च्या खाली असेल तर तो सामान्य समजतात, १४० ते १९९ म्हणजे ग्लुकोज सहन करण्याची क्षमता घटलेली, आणि २०० किंवा त्याहून अधिक असल्यास तो मधुमेहाच्या कक्षेत जातो. म्हणजे या बाईंवर 'मधुमेहपूर्व अवस्था' असा शिक्का बसण्याची वेळ आली.

येथे जाणकार डॉक्टरांना शंका यावी अशा दोन खुणा आहेत. उपाशीपोटीचा आकडा सुधारला असताना दोन तासांचा एवढा वर का गेला, ही पहिली. दुसरी म्हणजे, अशा रुग्णाच्या सकाळच्या लघवीत केटोन आढळू शकतात, कारण शरीर चरबीवर चाललेले असते. "गेल्या आठवड्यात काय जेवत होता?" एवढ्या एका प्रश्नाने उलगडा झाला असता. त्यांनी पुढे नेहमीसारखे जेवून तीन-चार दिवसांनी चाचणी पुन्हा केली आणि आकडे १०१ व १२८ आले, असे धरू. हे आकडे समजावून सांगण्यासाठी घेतलेले आहेत आणि सर्व फरक केवळ भातामुळे पडतो असेही मानू नये, कारण तयारी अगदी सारखी असली तरी या चाचणीचा दोन तासांचा आकडा एकाच माणसात दिवसागणिक बराच हलतो. पण फरकाची दिशा नेमकी अशीच असते. शिवाय दुसऱ्या वेळचा १०१ हाही अमेरिकन मधुमेह संघटनेच्या निकषानुसार सीमेवरचाच आहे, त्यामुळे बाईंची काळजी मिटली असे नाही. ती योग्य जागी आली, इतकेच.

चालणे, खेळ आणि विश्रांती

हालचालीचा नियमही 'नेहमीसारखे' हाच आहे. जोरदार व्यायामानंतर एक ते दोन दिवस स्नायू ग्लुकोज अधिक सहजपणे ओढून घेतात. रोज न धावणाऱ्या माणसाने आदल्या संध्याकाळी मैदानावर दीड तास फुटबॉल खेळला, तर सकाळचा आकडा खोटा चांगला दिसू शकतो. रोज चालणाऱ्याने रोजचे चालणे सुरू ठेवावे, बागायतीत किंवा होडीवर काम करणाऱ्याने ते काम सुरू ठेवावे. केवळ चाचणीसाठी नवीन काही सुरू करू नये आणि जुने बंदही करू नये.

अंथरुणाला खिळून राहणे याच्या उलट काम करते. डेंग्यू, टायफॉइड, हाड मोडणे किंवा शस्त्रक्रिया यांमुळे काही दिवस पडून राहिलेल्या माणसाची ग्लुकोज हाताळण्याची क्षमता तात्पुरती घटते, आणि ताप किंवा जंतुसंसर्गामुळे ती आणखी घटते. अशा वेळी चाचणी पूर्ण बरे होईपर्यंत पुढे न्यावी. किती दिवस, हे डॉक्टरांना विचारावे. साधी सर्दी असली आणि अंगात ताप असला तरी प्रयोगशाळेला फोन करून दिवस बदलणे श्रेयस्कर.

कोणती औषधे सांगायची?

एका वाक्यात उत्तर द्यायचे तर सगळी. मात्र सगळी म्हणजे कोणती, याचा विचार आठवडाभर आधी शांतपणे करावा, कारण काही औषधे आपल्याला औषधे वाटतच नाहीत. घरातील सर्व पट्ट्या, बाटल्या आणि पंप एका पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ठेवणे, ही मला सर्वांत भरवशाची पद्धत वाटते.

यांत स्टिरॉइड पहिल्या क्रमांकावर येतात. पावसाळ्यात दमा उसळला की प्रेडनिसोलोनच्या गोळ्यांचा पाच दिवसांचा कोर्स दिला जातो. गुडघ्यात किंवा खांद्यात वेदनेसाठी इंजेक्शन दिले जाते. गरोदरपणात वेळेआधी प्रसूतीचा धोका असेल तर बाळाच्या फुप्फुसांसाठी बीटामेथासोन दिले जाते. या सर्वांनी रक्तातील साखर काही दिवस वाढते. सांध्यातले इंजेक्शन 'तिथल्या तिथे' राहते असा समज आहे, पण त्याचा काही अंश रक्तात जातोच. त्यामुळे "गेल्या महिन्यात कोणते इंजेक्शन घेतले?" हा प्रश्न स्वतःला विचारावा आणि तारखेसह लिहून ठेवावे.

रक्तदाबाच्या गोळ्यांत पाहण्यासारखी एक बारीक गोष्ट आहे. अनेक गोळ्या जोडऔषधे असतात, आणि नावाच्या शेवटी 'एच' हे अक्षर असेल तर तिच्यात बहुधा हायड्रोक्लोरोथायझाइड हे लघवी वाढवणारे औषध असते. या वर्गातील औषधांमुळे शरीरातील पोटॅशियम घटू शकते आणि पोटॅशियम घटले की इन्सुलिन कमी सुटते. अॅटेनोलोलसारखे बीटा ब्लॉकरही परिणाम करू शकतात. याखेरीज फिट्सवरील फेनिटोइन, मानसिक आजारांवरील ओलान्झापिन आणि क्लोझापिन, अवयव प्रत्यारोपणानंतरचे टॅक्रोलिमस, गर्भनिरोधक गोळ्या आणि दम्याच्या गोळ्या ही औषधे सांगायलाच हवीत. पीसीओएससाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्या तरुणी 'मला मधुमेह नाही' म्हणून ती गोळी यादीत लिहीत नाहीत, पण तिने आकडा खाली येतो आणि खरी स्थिती झाकली जाते.

कारल्याचा रस, मेथीची पूड, जांभळाच्या बियांचे चूर्ण हेही सांगावे. त्याहून अधिक काळजी मला लेबल नसलेल्या पुड्यांची वाटते. सांधेदुखी झटपट पळवणाऱ्या अशा चूर्णांत स्टिरॉइड मिसळलेले आढळण्याचे प्रकार घडलेले आहेत, आणि घेणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो.

यादी केली म्हणजे औषध बंद करायचे, असा अर्थ मुळीच नाही. बरेच दिवस चालू असलेले स्टिरॉइड एकाएकी थांबवणे जिवावर बेतू शकते; बीटा ब्लॉकर किंवा फिट्सचे औषध अचानक बंद करणेही धोक्याचे आहे. कोणती गोळी चालू ठेवायची, कोणती थांबवायची आणि चाचणीच पुढे ढकलायची का, हे औषध लिहून देणाऱ्या डॉक्टरांनीच ठरवावे. सकाळची थायरॉइडची किंवा रक्तदाबाची गोळी पाण्याबरोबर घ्यायची की चाचणी झाल्यावर, हेही त्याच वेळी विचारून घ्यावे.

आदली रात्र आणि चाचणीची सकाळ

आदल्या रात्रीच्या जेवणात ३० ते ५० ग्रॅम कर्बोदके असावीत, म्हणजे वाटीभर भात किंवा दोन-तीन पोळ्या. सकाळी साडेआठची वेळ असेल तर नऊ-साडेनऊपर्यंत जेवून घ्यावे. उपाशी राहण्याचा काळ किमान आठ तासांचा हवा, पण चौदा तासांच्या पुढेही जाऊ नये. संध्याकाळी सहाला पेज घेऊन दुसऱ्या दिवशी दहाला पोहोचणे चुकीचे. त्या रात्री फेणी, बिअर किंवा कोणतेही मद्य घेऊ नये. साधे पाणी हवे तितके प्यावे, कारण अंगात पाणी असले की शीरही लवकर सापडते. सकाळी चहा, कॉफी, सिगारेट, तंबाखू आणि गुटखा वर्ज्य. चाचणी सकाळीच करावी. दुपारी केली तर त्याच माणसाचा आकडा बहुधा जास्त येतो.

ग्लुकोज बाहेरून आणायला सांगितले, तर औषधाच्या दुकानातून साधे ग्लुकोज घ्यावे. उन्हाळ्यात पितात ते स्वाद आणि साखर मिसळलेले पेय चालत नाही. पाकिटावर 'मोनोहायड्रेट' लिहिले असेल तर त्यात पाण्याचा अंश असतो, आणि ७५ ग्रॅम शुद्ध ग्लुकोजसाठी त्याचे ८२.५ ग्रॅम लागतात. हे मोजमाप प्रयोगशाळेनेच करावे. आपण पाकीट उघडून, चमच्याने मोजून नेऊ नये.

पहिले रक्त घेतल्यावर २५० ते ३०० मिलिलिटर पाण्यात विरघळवलेले ग्लुकोज पाच मिनिटांत प्यायचे असते. वेळ पहिल्या घोटापासून मोजतात, म्हणून तो मिनिट स्वतःही लिहून ठेवावा. गोडपणाने मळमळ होत असेल तर पाणी थंड असल्याने थोडा फरक पडतो. लिंबू पिळायचे असल्यास आधी विचारावे. उलटी झाली तर लपवू नये. पहिल्या अर्ध्या तासात झाली तर चाचणी दुसऱ्या दिवशी पुन्हा करावी लागते.

मधले दोन तास तेथेच बसून काढावेत. शुक्रवार असला आणि प्रयोगशाळा म्हापशात असली, तर तेवढ्यात बाजार करून येण्याचा मोह होतो. पण चालणारे स्नायू ग्लुकोज वापरतात आणि आकडा खाली येतो. या काळात पाण्याचे एक-दोन घोट चालतात, बाकी काही नाही. चक्कर, घाम किंवा थरथर जाणवल्यास लगेच सांगावे. शेवटचे रक्त दिल्यावर खाण्यासाठी डब्यात काही न्यावे आणि ते खाल्ल्याशिवाय स्कूटर चालवू नये, कारण काहींची साखर तिसऱ्या-चौथ्या तासाला एकदम उतरते.

अहवाल हाती आल्यावर

डॉक्टरांकडे जाताना अहवालाबरोबर एक चिठ्ठी न्यावी: तीन दिवसांचे जेवण, आदल्या रात्री जेवण कधी संपले, कोणती औषधे चालू होती, ताप किंवा आजार होता का, आणि चाचणीदरम्यान उलटी झाली का. वर दिलेले १४० आणि २०० हे आकडे गरोदर स्त्रियांना लागू नाहीत. त्यांच्या तीन नमुन्यांच्या चाचणीत उपाशीपोटी ९२, एक तासाने १८० आणि दोन तासांनी १५३ या मर्यादा असतात, आणि त्यांतला एक जरी गाठला किंवा ओलांडला तरी निदान होते. उपाशी न राहता केलेल्या तपासणीत १४० ही मर्यादा धरतात. इतर प्रौढांत तहान, वारंवार लघवी, वजन घटणे यांसारखी लक्षणे नसताना केवळ एका आकड्यावरून मधुमेह ठरवत नाहीत. दुसऱ्या चाचणीने तो पक्का करावा लागतो. ती चाचणी पुन्हा जीटीटीच असेल, तर हे तीन दिवसही पुन्हा पाळावेत.